दोन लाखांचं भांडण

काही वर्षांपूर्वी मी एक एकांकिका लिहिली होती. नवरा-बायको, पैशावरून भांडण, एकच खोली, चाळीस मिनिटं. तालमीच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्याचं काम करणारा नट मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, हा माणूस चुकतोय हे मला पहिल्या पानावरच कळतं. मग पुढची वीस पानं मी तिथे उभा राहून काय करू?" मला राग आला. घरी जाऊन नवऱ्याची सगळी वाक्यं एका कागदावर एकाखाली एक उतरवली आणि मोठ्याने वाचली. नटाचं बरोबर होतं. नवऱ्याला मी पैसे उडवायला लावलं होतं आणि बायकोला हिशेब ठेवायला. भांडण कुठे नव्हतंच. एका बाईने एका उधळ्या माणसाची चाळीस मिनिटं काढलेली खरडपट्टी होती ती.

मी ती संहिता पुन्हा लिहायला घेतली, आणि सुरुवात संवादापासून न करता आकड्यांपासून केली. आज कुणी मला विचारलं, की पैशावरच्या भांडणात दोघांनाही न्याय कसा द्यायचा, तर मी हेच सांगतो. आधी त्या घराचा महिन्याचा हिशेब मांडा. कोण बरोबर आणि कोण चूक हे बरंचसं तिथेच ठरून जातं, आपल्या नकळत.

माझं घर चिंचवडचं. नवरा महेश एका कारखान्यात सुपरवायझर, पगार हातात ४२,००० रुपये. बायको वैशाली घरी शिकवण्या घेते, त्यातून १४,०००. एकूण ५६,०००. फ्लॅटसाठी अठरा लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी. त्याचा हप्ता साधारण १५,६०० रुपये बसतो. सोसायटीचा मेन्टेनन्स, दहावीतल्या मुलीचा क्लास, किराणा, दूध, भाजी, गॅस, वीज, पेट्रोल, विमा, औषधं असं सगळं धरून महिन्याला ४८,००० जातात. उरतात आठ हजार. चार वर्षं हे आठ हजार कधी पूर्ण, कधी निम्मे, कधी काहीच नाही असे साठत बँकेत ३,२०,००० रुपयांची मुदत ठेव झाली आहे. ठेव दोघांच्या नावावर आहे.

आता महेशचा मोठा भाऊ, दादा, गावी शेती करतो. विहिरीचं पाणी आटलं आहे, ती खोल करायची आहे. त्याच्याकडे दीड लाख आहेत, दोन लाख कमी पडतात.

दोन लाख हा आकडा मी चार वेळा बदलून इथे आलो. आधी पन्नास हजार होते. तेव्हा वैशाली नाही म्हणाली की कद्रू वाटायची. मग तीन लाख करून पाहिले. तेव्हा महेश डोकं फिरल्यासारखा वाटला, कारण तो घरातला शेवटचा रुपया काढून द्यायला निघाला होता. ठेव बारा लाखांची असती तर दोन लाखांवरून भांडणारी बायको खाष्ट ठरली असती, आणि ठेव दोनच लाखांची असती तर नवरा बेजबाबदार. ३,२०,००० मधून दोन लाख गेले की १,२०,००० उरतात. आधी सहा-साडेसहा महिन्यांचा घरखर्च पाठीशी होता, आता अडीच महिन्यांचा राहतो. महिन्याला आठ हजार पूर्ण शिल्लक पडले तरी दोन लाख भरून यायला पंचवीस महिने लागतात. अडीच महिन्यांत माणूस उपाशी मरत नाही, पण झोप मात्र उडते. भांडणाला असाच आकडा लागतो. देणं शक्य असावं आणि दिल्याचं दुखणं दोन वर्षं पुरावं.

यातला एकही आकडा नाटकात जसाच्या तसा बोलला जात नाही, हेही सांगायला हवं. "अडीच महिने" हे दोन शब्द तेवढे वैशालीच्या तोंडी एकदा येतात. बाकीचं गणित मला माहीत असलं की पुरे, कारण मग ती बोलते तेव्हा तिच्या बोलण्याला तळ असतो.

पैसे कशासाठी हवेत, हे ठरवताना मी जास्त अडखळलो. दादाला मी आधी आजारी पाडलं होतं. आजारपणापुढे कुणीच नाही म्हणत नाही, नाही म्हणणारी बाई लगेच दुष्ट ठरते, म्हणून ते काढलं. मग पुतणीच्या लग्नाचा थाट घातला. त्यावर बहुतेक प्रेक्षक बायकोच्या बाजूने गेले असते. विहीर बरी, कारण तो खर्च चैनीचा नाही आणि जिवावर बेतलेलाही नाही. शिवाय विहिरीला वेळेचं बंधन आपसूक येतं. पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा, म्हणजे भर उन्हाळ्यात, यारी लावून दगड-गाळ वर काढायचा असतो. पाऊस सुरू झाला की काम वर्षभर लांबलं. वैशालीची मुदतही जूनचीच आहे. मुलीचा निकाल लागला की तिच्या डिप्लोमाची फी भरायची. दोन्ही कामं आपापल्या जागी रास्त आणि दोन्ही जूनच्या तोंडावर येऊन उभी. "थोडं थांबू या" हे वाक्य मग दोघांपैकी कुणालाच वापरता येत नाही.

इथे चाणाक्ष प्रेक्षक खुर्चीत बसल्या बसल्या वाटा शोधू लागतो. दादा कर्ज का काढत नाही? विकास सोसायटीचं मागचं पीककर्ज थकलं आहे, नवीन मिळणार नाही. दागिने गहाण का ठेवत नाहीत? ठेवले होते एकदा, ते पुढे येईलच. अशा प्रत्येक वाटेला एका वाक्याचं दार लावून घ्यावं लागतं, तेही भांडण तापण्याआधी. नाहीतर ऐन रंगात आलेल्या प्रसंगात प्रेक्षक मनात म्हणतो, अरे, बँकेत जा की, आणि ती दोघं त्याला मूर्ख वाटू लागतात. मूर्ख माणसांच्या भांडणात कोण बरोबर याचं कुणाला सोयरसुतक नसतं.

यानंतर दोघांचा मागचा काळ. पैसा एकच असला तरी दोघांना त्यात वेगवेगळी वर्षं दिसत असतात. महेशला बँकेतल्या त्या ठेवीत दादा दिसतो. वडील गेले तेव्हा दादाने कॉलेज सोडलं, बैलजोडी विकली आणि महेशच्या डिप्लोमाची फी भरली. ते पैसे कुणी कधी मागितले नाहीत, कुठे लिहूनही ठेवले नाहीत. न लिहिलेल्या कर्जाला फेडीची तारीख नसते, म्हणून ते आयुष्यभर अंगावर राहतं. वैशालीला त्याच ठेवीत २०२० साल दिसतं. लॉकडाउनमध्ये कारखान्याने चार महिने अर्धा पगार दिला, शिकवण्या बंद पडल्या, हप्ता मात्र डोक्यावर होताच. तेव्हा तिने आईने घातलेल्या पाटल्या स्वतः नेऊन गहाण ठेवल्या. चौदा महिन्यांनी त्या सुटल्या. ही ठेव उभी राहिली ती त्यानंतर, पाटल्या पुन्हा हातातून काढाव्या लागू नयेत म्हणून.

दोघांच्या या आठवणी मी संवादात भाषणासारख्या घातल्या होत्या. पाठोपाठ दोन मोठे परिच्छेद, आधी त्याचा, मग तिचा. वाचताना बरे वाटले, तालमीत पडले. नवरा-बायको एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसत नाहीत. पंधरा वर्षांच्या संसारात बैलजोडीची गोष्ट वैशालीने दहा वेळा ऐकलेली असणार. तिला "बैल" एवढा शब्द पुरतो. त्यालाही ती हातातल्या पाटल्या मागे सारते एवढं दिसलं तरी पुरतं. प्रेक्षकाला बाकीचं हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी कळू दे. थोडं उशिरा कळलं तर उलट तो जास्त कान देऊन ऐकतो.

आता प्रत्यक्ष प्रसंग. एप्रिल महिना, रात्रीचे साडेआठ. मुलगी आतल्या खोलीत आहे, त्यामुळे आवाज चढवायची सोय नाही. महेशच्या बॅगेत ठेव मोडायचा अर्ज आहे. ठेव दोघांच्या नावावर असली की मुदतीआधी मोडताना बऱ्याच बँका दोघांच्याही सह्या मागतात. त्याची सही करून झाली आहे, शेजारची रेघ रिकामी आहे. वैशाली ताटात तांदूळ निवडते आहे.

"दादांना हो म्हटलंय मी," तो बूट काढता काढता म्हणतो.

"कशाला?"

"विहिरीला. दोन लाख."

"कधी म्हटलंत?"

"रविवारी. फोन आला होता ना त्यांचा."

"आज गुरुवार आहे."

या वाक्यावर मी बराच वेळ घालवला होता. आधी इथे "मला न विचारता?" असं होतं. ते बरोबरच आहे, पण त्यात आरोप आहे, आणि आरोप आला की समोरचा उलटा आरोप करतो. "आज गुरुवार आहे" यात नुसता वार आहे. रविवार ते गुरुवार हे चार दिवस तो तिच्यासमोर जेवला, बोलला, झोपला, आणि गप्प राहिला. महेशला हे पुरतं कळतं, म्हणून तो लगेच दुसऱ्या विषयावर जातो, आणि वैशालीही लगेच मनातलं न बोलता आधी व्याजाचं बोलते. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज अर्धा-एक टक्का कमी मिळतं. या ठेवीवर त्याचा फरक वर्षाला फार तर ३,२०० रुपये. दोघांनाही माहीत आहे की प्रश्न त्या तीन हजारांचा नाही. माणसं खरं दुखणं बोलायला धजत नाहीत तेव्हा हमखास अशा लहान रकमेवर येऊन बसतात, आणि लेखकाने त्यांना तिथे थोडा वेळ बसू द्यावं.

"व्याज बुडेल सगळं."

"व्याजाचं काय घेऊन बसलीस! दादांना आम्ही नाही म्हणू शकत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

मराठीत लिहिणाऱ्याला ही देणगीच आहे. आपल्याकडे "आपण" आणि "आम्ही" असे दोन शब्द आहेत. "आपण" म्हटलं की ऐकणारा त्यात येतो, "आम्ही" म्हटलं की तो बाहेर राहतो. महेश हे मुद्दाम बोललेला नाही. त्याच्या डोक्यात तो आणि दादा आहेत, दोघे भाऊ, पंचवीस वर्षांपूर्वीचे. पण बायको त्या एका शब्दाने दाराबाहेर गेली. तालमीत या जागी नटाला मी एकच सूचना दिली होती, की त्याने चमकून पाहावं, कारण आपल्या तोंडून काय गेलं हे त्याला तिने विचारल्यावर कळतं. ती त्याला एरवी "अहो" म्हणते, या भांडणातही "तुम्ही"च म्हणते, पण "दादा" म्हणायचं सोडून मध्येच "तुमचे दादा" म्हणायला लागते. तो तिला "वैशू" म्हणतो, आज "वैशाली" म्हणतो. रुसवा कुठवर आला हे कळायला मला दुसरं काही लिहावं लागलं नाही.

इब्सेनच्या १८७९ सालच्या 'अ डॉल्स हाउस'मध्ये टोर्वाल्ड पहिल्याच प्रवेशात बायकोला सांगतो, की घरात उधारी नको, कर्ज नको. ते मत सुटं काढून पाहिलं तर कुणालाही पटेल असं आहे. तो उणा पडतो तो बायकोशी ज्या लाडिक हाकांनी बोलतो त्यांमुळे, तिला पाखरू नि खारूताई म्हणतो त्यामुळे. मला त्यातून हे उमगलं, की मत कितीही शहाणं असलं तरी ते सांगताना समोरच्याला लहान केलं की प्रेक्षक त्या मताकडेही पाठ फिरवतो. महेशने "तुला यातलं कळत नाही" असं एकदा जरी म्हटलं असतं तरी बैलजोडीची पुण्याई तिथेच संपली असती. ते वाक्य माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं.

भांडणाचा मधला भाग मला सगळ्यात जड गेला. दोघांच्याही हातून चूक झाली आहे हे दाखवायचं होतं, आणि तिसऱ्या कुणी येऊन ती उघडी पाडायला नको होती. तसं झालं की एक जण पकडला जातो आणि दुसरा पकडणारा होतो. बऱ्याच खर्ड्यांनंतर सुचलं ते असं, की प्रत्येकाने आपली बाजू भक्कम करायला जे सांगावं तेच नेमकं त्याच्यावर उलटावं.

महेशला दादा लोभी नाही हे पटवायचं आहे. तो म्हणतो, "दादांनी मागितलेसुद्धा नाहीत. ते आपलं सांगत होते, विहीर आटली म्हणून. मीच म्हणालो, मी बघतो."

तांदळातला तिचा हात थांबतो. "त्यांनी मागितलेही नाहीत?"

त्याचं सगळ्यात चांगलं वाक्य त्याच्यावरच उलटलं. दादा खरंच भला माणूस ठरला, पण दोन लाखांचा शब्द महेशने कुणी न मागता दिला हेही उघड झालं. आता वैशालीची पाळी. ती जिंकत आली आहे आणि जिंकणारं माणूस सैल बोलतं.

"मी कधी काही उधळलंय का? भिशीचे तीस हजारसुद्धा तसेच ठेवलेत मी."

"कुठली भिशी?"

बिल्डिंगमधल्या बारा जणींची भिशी, महिन्याला अडीच हजार. तिचा नंबर फेब्रुवारीत लागला, तीस हजार आले, ते तिने मुलीच्या फीसाठी डब्यात ठेवले आणि महेशला सांगितले नाहीत. आता तिचंही सगळ्यात चांगलं वाक्य तिच्यावर उलटतं. तो शांतपणे म्हणतो, "मी चार दिवस बोललो नाही. तू फेब्रुवारीपासून बोलली नाहीस."

इथे सभागृहात शांतता झाली पाहिजे. आणि इथेच लेखकाने जपायला हवं, कारण ही दोन गुपितं एकाच वजनाची नाहीत. त्याने दोघांचे दोन लाख दुसऱ्याला देऊ केले, तिने तीस हजार त्याच घरासाठी राखले. त्यांची फिट्टंफाट करून टाकली तर ते खोटं होईल आणि बायकांना ते लगेच कळेल. मला दोघांचे गुण समान करायचे नव्हते. दोघांनाही एकमेकांची थोडी भीती वाटते एवढं दिसायला हवं होतं. त्याला वाटतं ती नाही म्हणेल, म्हणून तो आधी शब्द देऊन मोकळा होतो. तिला वाटतं तो देऊन टाकेल, म्हणून ती लपवते. त्याने आधी विचारलं असतं तर तिने लपवलं नसतं, आणि तिने लपवलं नसतं तर कदाचित त्याने विचारलंही असतं.

महेश एल्कुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आलं. त्यात वडिलांच्या तेराव्याच्या जेवणावळीचा खर्च कुणी नि कसा करायचा, यावरून गावाकडचा थोरला भास्कर आणि मुंबईहून आलेले सुधीर-अंजली यांच्यात तणाव आहे. अंजली खर्चाबद्दल जे बोलते ते हिशेबाने चूक नाही, आणि घराण्याची रीत सांभाळत मागे राहिलेल्या माणसांचं दुःखही खोटं नाही. ते नाटक पाहताना मी प्रवेशागणिक बाजू बदलत होतो. तसं व्हावं असं वाटत असेल, तर माझी एक सवय सांगतो. खर्डा झाला की एकदा फक्त तिची वाक्यं सलग वाचायची, मध्ये काही नाही. मग फक्त त्याची. ज्याची वाक्यं एकामागून एक वाचताना नुसती उत्तरं वाटतात, स्वतःहून काही मागत नाहीत, त्या पात्रावर आपण अन्याय केलेला असतो. माझ्या जुन्या संहितेत नवऱ्याची वीस वाक्यं होती आणि त्यातली सतरा सफाईची होती.

शेवट तीन झाले. पहिल्यात वैशालीने सही केली. ती त्यागमूर्ती झाली आणि महेश तिच्या उपकाराखाली दबून गेला. दुसऱ्यात महेशने दादाला फोन करून नाही सांगितलं. मग तो थोर झाला आणि तीच अपराधी दिसू लागली. मधे कुणीतरी सुचवलं, एक लाखावर तोड काढ. पण एक लाखात विहीर होत नाही. अर्धवट खोदलेली विहीर पावसात पुन्हा गाळाने भरते, आणि इकडे ठेवही मोडलेली. निम्मं-निम्मं केल्याने कुणाचंच काम होऊ नये म्हणूनच मी विहीर निवडली होती.

तिसरा शेवट असा. बरंच बोलून झालं आहे. अर्ज टेबलावर आहे. वैशाली ताट बाजूला सारते.

"दादांना फोन लावा. मी बोलते."

"आत्ता? काय बोलणार?"

"झोपले नसतील. लाइट रात्रीची असते ना त्यांच्याकडे."

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहतो. शब्द दोन भावांमध्ये दिला गेला होता, आता तिला त्यात यायचं आहे. ती हो म्हणणार आहे की नाही हे त्याला माहीत नाही. फोन लावून, स्वतः काही न बोलता, तो तिच्या हातात देतो. पलीकडे घंटी वाजत राहते.

तालमीत त्या नटाने विचारलं, ती काय बोलते पुढे? वैशालीचं काम करणाऱ्या मुलीलाही ते हवं होतं. मी तिला एकच वाक्य लिहून दिलं, "दादा, मी वैशाली बोलतेय," आणि ते म्हणताना महेशकडे पाहायचं की अर्जाकडे, हे तिच्यावर सोडलं. पहिल्या प्रयोगात तिने अर्जाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी महेशकडे.